मूल कुणाकडे राहू इच्छितं, असं कोर्टाने विचारलं तर मानसशास्त्रज्ञाने कुठवर बोलावं?

प्रश्न: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नऊ वर्षांची एक मुलगी काही महिन्यांपासून चिंता आणि झोपेच्या तक्रारींसाठी माझ्याकडे येते. तिची आई तिला घेऊन येते. आईवडिलांचा ताब्याचा दावा चालू आहे. आता कोर्टाचं पत्र आलं आहे: ‘मुलीची पसंती कोणाकडे राहण्याची आहे व तिचे हित कोणाकडे आहे, याबाबत अहवाल सादर करावा.’ मुलगी माझ्याशी मोकळेपणाने बोलते. एकदा तिने आपणहून ‘मला आईजवळच राहायचंय’ असं म्हटलंही होतं. वडिलांना मी कधी भेटलेले नाही. मी काय लिहू आणि काय लिहू नये?

उत्तर: हित कोणाकडे आहे, हे तुम्ही लिहू नका. पसंतीबद्दलही तुमच्या आजच्या भूमिकेतून मत देऊ नका. पण पत्र बाजूला ठेवूनही चालणार नाही. मुदतीच्या आत लेखी उत्तर गेलं पाहिजे आणि आपण काय सांगू शकतो, काय सांगू शकत नाही आणि का, हे त्यात साध्या भाषेत असलं पाहिजे.

तुम्ही या मुलीवर उपचार करता. उपचार करताना आपण मुलाच्या बाजूने ऐकतो. तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट घडली की नाही, हे पडताळत बसत नाही, कारण उपचाराला त्याची गरज नसते. घरची हकीकत तुम्हाला आईकडून कळली आहे. वडिलांचं म्हणणं, शाळेची माहिती, दोन्ही घरांत मुलगी कशी वागते, यातलं काही तुमच्याकडे नाही. त्यात तुमचा दोष नाही, ते तुमचं कामच नव्हतं. ताब्यासाठी मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाचं काम याच्या उलट असतं. तो दोन्ही पालकांना भेटतो, दोघांपासून सारखं अंतर ठेवतो, एकाचं विधान दुसऱ्या स्रोतातून तपासतो आणि मुलाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो की इथे बोललेलं कोर्टात जाणार आहे. एका माणसाला ही दोन्ही कामं एकाच मुलाच्या बाबतीत करता येत नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ताबा-मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या १९९४ मध्ये आल्या आणि २०१० व २०२२ मध्ये नव्याने लिहिल्या गेल्या. दुहेरी भूमिका टाळा, असं त्यांतही सांगितलेलं आहे. त्याच संस्थेच्या आचारसंहितेतलं कलम ९.०१ म्हणतं की एखाद्या व्यक्तीच्या मानसिक वैशिष्ट्यांबद्दल मत द्यायचं, तर त्या व्यक्तीची पुरेशी तपासणी झालेली हवी. वडिलांना न भेटता ‘हित आईकडे’ असं लिहिलं, की न भेटलेल्या माणसाबद्दलही तुम्ही मत दिलंच. शब्दांत त्याचं नाव नसलं तरी तो निष्कर्ष त्याच्यावरच आहे.

तिचं ते ‘आईजवळच राहायचंय’ हे वाक्य तुम्हाला मोलाचं वाटतंय, कारण ते न विचारता आलं. पण ते कुठे आलं ते पाहा. आई बाहेर बसलेली, मुलगी तिच्याबरोबर आलेली आणि तिच्याबरोबरच परत जाणार. शिवाय ‘इथलं इथेच राहतं’ असं तुम्ही पहिल्या भेटीत तिला सांगितलं असणार, आपण सगळेच सांगतो. तिने ते त्या भरवशावर सांगितलं. आता तेच कागदावर आलं आणि ते वडिलांनी वाचलं, तर दोन गोष्टी होतील. वडिलांपुढे ती ‘मला नको म्हणालेली मुलगी’ ठरेल. आणि तुमच्या खोलीत ती यापुढे काही बोलणार नाही. झोप सुधारण्यासाठी चाललेला उपचार तिथेच संपेल.

उत्तर साधारण असं लिहावं: ‘सदर बालिका अमुक महिन्यापासून चिंता व झोपेच्या तक्रारींसाठी माझ्याकडे उपचार घेत आहे. माझी भूमिका उपचारकाची आहे. मी वडिलांना भेटलेले नाही, दोन्ही घरांचे निरीक्षण केलेले नाही, तसेच ताब्याच्या दृष्टीने बालिकेची मुलाखत घेतलेली नाही. त्यामुळे तिची पसंती अथवा हित याविषयी मत देण्यास माझ्याकडे पुरेसा आधार नाही. माननीय न्यायालयाला तसे मत आवश्यक वाटल्यास स्वतंत्र तज्ज्ञाची नेमणूक व्हावी, अशी विनंती आहे. उपचाराचा कालावधी, तक्रारींचे स्वरूप व त्यांतील बदल याबाबतची माहिती न्यायालयाच्या निर्देशानुसार सादर करता येईल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे तुम्ही अंग काढून घेत नाही आहात, हे न्यायाधीशांना दिसतं. न्यायाधीश बहुतेकदा हे समजून घेतात. त्यांनी पत्र तुम्हाला पाठवलं ते मुलीला ओळखणारी एक जाणकार व्यक्ती फाइलमध्ये दिसली म्हणून. ‘उपचारक’ आणि ‘मूल्यमापक’ हा फरक त्यांच्यापुढे कुणी मांडलेलाच नसतो.

त्याआधी एक बारीक गोष्ट तपासा: पत्र खरोखर कोर्टाचं आहे का? न्यायालयाचा आदेश, साक्षीचं समन्स आणि ‘कोर्टात दाखवायला एक पत्र द्या’ म्हणणाऱ्या वकिलाची चिठ्ठी, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वकिलाच्या चिठ्ठीवर मुलाबद्दलचा एक शब्दही देऊ नये. आदेश असेल तर उत्तर थेट न्यायालयाला जावं, कोणा एका पक्षाच्या हाती नव्हे.

आता समजा, हे काम रीतसर मूल्यमापक म्हणून तुमच्याकडे आलं, आज ना उद्या येईलच. तेव्हा काय विचारायचं आणि किती सांगायचं, ही खरी अवघड बाजू आहे.

कायदा मुलाकडून कौल मागत नाही, हे आधी पक्कं डोक्यात असावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १२ नुसार, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचं वय व परिपक्वता पाहून त्या मताला वजन द्यायचं असतं. भारतातला १८९० चा पालक व पाल्य कायदा कलम १७(३) मध्ये म्हणतो की अज्ञान मूल समजून-उमजून पसंती ठरवण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. ‘घेऊ शकतं’, ‘घेईलच’ नव्हे. इंग्लंडचा १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट मुलाच्या इच्छा आणि भावना, त्याचं वय व समज लक्षात घेऊन पाहा, असं सांगतो. कॅलिफोर्नियात चौदा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या मुलाला बोलायचं असेल तर कोर्टाने सामान्यतः त्याचं ऐकायचं असतं, पण तिथेही निकाल मूल देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने कलम १२ बद्दल २००९ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात आणखी एक मुद्दा आहे, जो आपल्या कामात सगळ्यात जास्त विसरला जातो: मत मांडणं हा हक्क आहे, म्हणून तो न वापरण्याचाही मुलाला हक्क आहे. ‘मला सांगायचं नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि अहवालात ते तसंच लिहावं. ‘मुलाने सहकार्य केले नाही’ असं लिहू नये.

म्हणून मुलाखत सुरू होण्याआधी मुलाला काय सांगायचं, ते ठरवून ठेवा. मी साधारण असं सांगते: ‘आईबाबा वेगळे राहणार आहेत. तुझे दिवस कसे वाटायचे, हे न्यायाधीश ठरवणार आहेत. मी ठरवत नाही, आणि तूही ठरवायचं नाहीयेस. तुला काय आवडतं, काय जड जातं, हे मी त्यांना लिहून कळवणार आहे. ते आईबाबाही वाचतील. म्हणून एखादी गोष्ट सांगायची नसेल तर नको सांगूस, मी रागावणार नाही. आणि माझं काही चुकलं तर मला थांबव.’ मग त्याने काय समजून घेतलं, ते त्याच्याच शब्दांत विचारते. ‘म्हणजे मी सांगेन तसं होणार ना?’ असं म्हणणारी मुलं खूप असतात. तो गैरसमज दूर होईपर्यंत पुढे जायचं नाही. निकाल आपल्या हातात आहे असं मुलाला वाटलं, की उत्तराबरोबर अपराधीपणाही त्याच्याच गळ्यात पडतो.

आणि मग प्रत्यक्ष विचारताना ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ हा प्रश्न टाळा. तो कोर्टाच्या पत्रात असतो म्हणून मुलाखतीतही असला पाहिजे, असं नाही. आठवडा कसा जातो ते विचारा. सोमवारी सकाळी कोण उठवतं, अभ्यास अडला की कोणाला विचारतोस, एका घरातून दुसऱ्या घरी जाताना काय काय होतं, आजारी पडलास की काय होतं. प्रश्न उघडे ठेवा: ‘त्याबद्दल अजून सांग’, ‘मग काय झालं?’ आणि उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारू नका. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आपलं पहिलं उत्तर चुकलं, असं लहान मुलं समजतात आणि उत्तर बदलतात. मुलांच्या साक्षीवरच्या संशोधनात हे वारंवार दिसलेलं आहे. विशेषतः हो-नाही प्रश्नांत आणि लहान वयात हा धोका जास्त असतो.

एक प्रकरण उलगडून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. दहा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची धाकटी बहीण. न्यायालयाने मुलाची पसंती विचारली होती. मी निदान दोन भेटी घेते आणि एका भेटीला एक पालक, दुसरीला दुसरा पालक घेऊन येईल, असं आधीच ठरवून टाकते. मूल त्याआधीचे दोन-तीन दिवस कोणाकडे होतं, हेही टिपते. पहिल्या भेटीला आई आली. मी काही विचारायच्या आतच मुलगा म्हणाला, ‘मला आईकडे राहायचंय. बाबा जबाबदारी घेत नाहीत आणि पोटगीही वेळेवर देत नाहीत.’ दुसऱ्या भेटीला वडील आले. त्याच खुर्चीत बसून मुलगा म्हणाला, ‘मी बाबांकडे राहतो. आई सारखी रडते, तिला माझा त्रास होतो.’

इथे घाईचे दोन निष्कर्ष हाताशीच असतात. पहिला: आईने पढवलं, कारण ‘पोटगी’ हा दहा वर्षांच्या मुलाचा शब्द नाही. दुसरा: मुलाला काही ठरवता येत नाही, त्याचं मत बाजूला ठेवा. दोन्ही चुकीचे आहेत. मोठ्यांचे शब्द मुलाच्या तोंडी आले म्हणजे ते कोणी बसून शिकवले, असं सिद्ध होत नाही. ज्या घरात फोनवर रोज दाव्याचीच चर्चा चालते, तिथे मूल ते शब्द न शिकवताही उचलतं. आणि पढवलेलं असलं तरी त्यामागे मुलाची स्वतःची इच्छा नसतेच, असंही नाही. ‘हे पढवलेलं आहे’ हे सांगणारी कोणतीही चाचणी आपल्याकडे नाही. ज्या चाचणीच्या जाहिरातीत असा दावा असेल, तिच्यापासून दूर राहा.

मी दोन्ही भेटींतलं दिवसांचं वर्णन शेजारी शेजारी ठेवून वाचलं. कोणाकडे राहायचं, याचं उत्तर बाहेर कोण बसलंय त्याप्रमाणे बदललं होतं. पण तीन गोष्टी दोन्ही वेळा आल्या होत्या आणि जवळजवळ त्याच शब्दांत. एक, बहीण जिथे असेल तिथे त्याला असायचं होतं. ‘ती रात्री उठते, मग मी दिवा लावतो.’ दोन, शाळा बदलायची नव्हती. तीन, रविवारी संध्याकाळी गेटपाशी त्याला एकाकडून दुसऱ्याच्या हाती देताना जे होतं, ते थांबायला हवं होतं. त्याने ते सांगितलं असं: ‘तेव्हा मी गाडीच्या मागे जातो आणि शंभरपर्यंत मोजतो.’ शिक्षिकांकडून कळलं की सोमवारी तो वर्गात झोपतो आणि बाकीचे दिवस ठीक असतो. त्यांना मुलाखतीत काय निघालं, हे माहीत नव्हतं.

अहवालात मी लिहिलं ते असं: ‘कोणत्या पालकाकडे राहायचे याविषयी मुलाने दोन भेटींत परस्परविरोधी इच्छा व्यक्त केली. दोन्ही वेळा ती इच्छा सोबत आलेल्या पालकाच्या बाजूने होती. यावरून कोणत्याही एका पालकाविषयी त्याची स्थिर पसंती आहे असे म्हणता येत नाही. दोन्हींपैकी कोणत्याही पालकाने ही विधाने शिकवली, असा निष्कर्ष काढण्यासही आधार नाही. धाकट्या बहिणीसोबत राहणे, सध्याची शाळा चालू राहणे आणि ताबा-बदलाच्या वेळचा वाद थांबणे, या तीन इच्छा त्याने दोन्ही भेटींत सातत्याने व्यक्त केल्या. तिसऱ्या बाबीला शिक्षिकांच्या निरीक्षणाशी जुळणारा आधार मिळतो.’ त्यापुढे मुलाची वाक्यं अवतरणात, प्रत्येक वाक्याबरोबर मी विचारलेला प्रश्नही. प्रश्नाशिवाय उत्तर छापलं तर ते मुलाने आपणहून म्हटलं की माझ्या तोंडून त्याच्या तोंडात गेलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

ताबा कोणाला, यावर त्या अहवालात एक ओळही नव्हती. मुलगा कोणाकडेही राहिला तरी चालेल, असा त्याचा अर्थ नव्हता. मला पसंती विचारली होती, पालकांची क्षमता नव्हे. क्षमतेबद्दल बोलायचं तर दोन्ही पालकांच्या स्वतंत्र मुलाखती, मुलासोबतचं निरीक्षण, बाहेरची माहिती हे सगळं लागतं. ते काम वेगळं आहे, त्याचा आदेशही वेगळा असावा लागतो. तिथेही शेवटचं वाक्य न्यायाधीशांचं असतं. आपण फार तर अमुक व्यवस्था झाली तर मुलाच्या अमुक गरजेवर काय परिणाम संभवतो, एवढं सांगतो.

यावर काही सहकारी म्हणतात, मग तज्ज्ञाची गरजच काय, ‘ठरवता येत नाही’ असं कोणीही लिहील. पण काहीच न सांगणं आणि सांगता येण्याजोगं तेवढं नेमकं सांगणं यात फरक आहे. तेरा वर्षांची एखादी मुलगी तीन वेगवेगळ्या वेळी, कोणीही घेऊन आलं तरी, एकच गोष्ट सांगते, कारणं ठोस प्रसंगांसह देते, दुसऱ्या पालकाबद्दल चांगलंही बोलते आणि आपल्या निवडीने काय गमवावं लागेल, हेही जाणते. तिथे ‘पसंती स्थिर, कारणांसह आणि परिणामांची समज ठेवून व्यक्त झालेली आहे’ असं स्पष्ट लिहिलं पाहिजे. सावधपणाच्या नावाखाली तिचा आवाज पुसट करणं हाही आपल्या मर्यादेचा भंगच.

आता तो पेच, ज्यावर आचारसंहितेत तयार उत्तर सापडत नाही. मुलाखतीच्या मध्येच मूल म्हणतं, ‘हे बाबांना कळू देऊ नका.’ तुम्ही सुरुवातीला सांगितलं होतं की बाबा वाचतील, तरी ते म्हणतं. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. ‘बरं, बघू’ असं मोघमही बोलू नका, मूल त्याला वचनच समजतं. मी तिथेच थांबून सांगते, ‘मी ते लपवेन असं मी म्हणू शकत नाही. पण तुला कशाची भीती वाटते ते मला सांग, मग ते कसं पोचवायचं हे मी न्यायाधीशांना विचारेन.’ भीती मार खाण्याची असेल तर प्रकरण पसंतीचं राहतच नाही. तिथे पसंतीची मुलाखत थांबवायची. स्वतः चौकशी करत, प्रसंग खोदत बसायचं नाही, कारण त्याने पुढचा पुरावाही बिघडतो. कायद्याने ज्यांना कळवणं बंधनकारक आहे त्यांना लगेच कळवायचं. ‘ताब्याच्या दाव्यात असे आरोप होतातच’ असं म्हणून ते गिळायचं नाही.

भीती ‘बाबा दुखावतील’ एवढीच असेल, तर मार्ग वेगळा. तो मजकूर अहवालातून गुपचूप गाळायचा नाही. आपण निवडून सांगायला लागलो की अहवाल एकतर्फी होतो. पण न्यायालयाला वेगळी टिपणी देता येते: ‘बालकाच्या एका विधानाच्या प्रकटीकरणामुळे त्याच्या पालकाशी असलेल्या संबंधावर परिणाम होण्याची त्याला भीती आहे. ते कोणत्या स्वरूपात सादर करावे, याबाबत निर्देश मिळावेत.’ न्यायाधीश ते स्वतः वाचू शकतात, सीलबंद ठेवायला सांगू शकतात किंवा मुलाशी चेंबरमध्ये बोलू शकतात. कधी कधी ते नकारही देतात, कारण दुसऱ्या पक्षालाही आपल्याविरुद्ध काय म्हटलं गेलं हे जाणण्याचा हक्क असतो. तसं झालं तर अहवाल सादर होण्याआधी मुलाला पुन्हा भेटून ते सांगायचं. त्याने ते वडिलांच्या तोंडून ऐकता कामा नये.

एका लेबलाबद्दल सांगून ठेवते, कारण तुमच्यापुढेही ते येणारच. वडिलांना भेटायला नकार देणाऱ्या मुलाबद्दल वकील सर्रास विचारतात, ‘हे पॅरेंटल एलिएनेशन आहे, असं लिहा ना.’ म्हणजे एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्या पालकापासून तोडलं आहे, असं. १९८५ मध्ये रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ‘पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’ ही कल्पना मांडली. पण मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत तिला निदान म्हणून जागा मिळाली नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आयसीडी-११ या आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीतून ‘पॅरेंटल एलिएनेशन’ हा शब्दही काढून टाकला. एखादा पालक मुलाचं मन दुसऱ्याबद्दल कलुषित करतच नाही, असा याचा अर्थ नाही. तसं होतं, आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण मुलाच्या नकारामागे खरी मारझोड, जुनी उपेक्षा, नव्या जोडीदाराशी न पटणं, लांबचा प्रवास किंवा फक्त भांडणाला कंटाळून एक बाजू धरणं, यांपैकी काहीही असू शकतं. मुलाकडे पाहून, एकट्या मुलाच्या मुलाखतीवरून, यांतलं कारण वेगळं काढता येत नाही. म्हणून दिसलेलं वागणं लिहा, शक्य असलेली कारणं लिहा, कोणत्याला आधार मिळाला आणि कोणते तपासायला मिळाले नाहीत तेही लिहा. लेबल लिहू नका.

साक्षीला बोलावलं, तर उलटतपासणीत अडचणीचा क्षण ठरलेला असतो. वरच्या मुलाच्या वडिलांच्या वकिलांनी विचारलं, ‘दुसऱ्या भेटीत मुलाने बाबांकडे राहतो म्हटलं, हो की नाही?’ हो. ‘म्हणजे त्याची अखेरची इच्छा बाबांकडे राहण्याची आहे, बरोबर?’ इथे घाईने ‘हो’ निघून जातो, कारण पहिला ‘हो’ खरा असतो. उत्तर असं द्यावं: ‘त्याने ते म्हटलं, हे खरं. ती त्याची अखेरची इच्छा आहे, असं माझ्याकडच्या माहितीवरून म्हणता येत नाही. आठवडाभर आधी त्याने उलट म्हटलं होतं.’ यापुढे कितीही वेळा विचारलं तरी हेच, याच सुरात. मुलाची वकिली करण्याचा मोह तिथे होतो. तो अहवालाला सगळ्यात जास्त मारक ठरतो, कारण एकदा तुम्ही एका बाजूच्या दिसलात की मुलाच्या त्या तीन स्थिर इच्छाही एका बाजूच्याच समजल्या जातात.

तुमच्या मुलीकडे परत. कोर्टाला उत्तर पाठवण्याआधी तिच्या पुढच्या भेटीत तिला सांगा की न्यायाधीशांचं पत्र आलं आहे आणि तुम्ही काय कळवणार आहात. तिच्या भाषेत, दोन-तीन वाक्यांत. आईलाही सांगा, आणि आईने ‘तिने तुम्हाला सांगितलेलं तेवढं तरी लिहा’ म्हटलं तरी उत्तर बदलू नका. वडिलांशी या निमित्ताने फोनवर ओळख करून घेऊ नका; त्यांना तुमच्याशी बोलायचं असेल तर ते उपचाराबद्दल असू द्या, दाव्याबद्दल नको. नोंदवहीला आता हात लावू नका. ते ‘आईजवळच राहायचंय’ असलेलं पान तुम्हाला अडचणीचं वाटलं तरी त्यात खाडाखोड, भर किंवा नव्याने उतरवून काढणं यातलं काही करू नका, कारण पुढे नोंदी मागवल्या गेल्या तर बदललेली नोंद तुमच्या सगळ्या म्हणण्यावर पाणी फिरवते. यापुढच्या नोंदींत मात्र त्या दिवशी तिला कोण घेऊन आलं, विषय कोणी काढला आणि तुम्ही नेमकं काय विचारलं, हे तिच्या वाक्यांसोबत लिहीत जा.